भिंतीवरचा नंबर

गल्ल्यामागच्या भिंतीवर गणपतीचा फोटो, त्याखाली आजोबांचा, आणि त्याच्या शेजारी काळ्या चौकटीत व्यवसाय कर नोंदणीचं प्रमाणपत्र. काचेवर शाईचे बारीक शिंतोडे. कागद पिवळा पडलेला, पण नंबर स्वच्छ वाचता येतो: सुरुवातीला २७, शेवटी इंग्रजी पी. सांगली भागातल्या या छोट्या ऑफसेट प्रेसमध्ये मी कर सल्लागार म्हणून वीसेक वर्षं जातो आहे. तो कागद कधी कुणी निरखून वाचला असेल असं मला वाटत नाही. तो होता, म्हणजे सगळं ठीक होतं.

मे २०२५ मध्ये प्रेसच्या नावानं व्यवसाय कराच्या थकबाकीची नोटीस आली. तीन वर्षांचा कर ५२,५०० रुपये, शिवाय व्याज आणि दंड वेगळा. प्रेस आता मुलगा चालवतो. तो नोटीस घेऊन माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या हातात आणखी एक फाईल होती. ती उघडून त्यानं तीन चलनं टेबलावर मांडली. "काका, दरवर्षी जूनमध्ये अडीच हजार भरतोय मी. ही बघा चलनं. मग थकबाकी कसली?"

चलनं खरी होती आणि पैसेही वेळेवर भरलेले होते. तरीही नोटीस चुकीची नव्हती. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे समजलं की छोट्या मालकांना येणाऱ्या अशा बऱ्याचशा नोटिसांचा उलगडा होतो.

महाराष्ट्रात व्यवसाय कराचे दोन वेगवेगळे नंबर असतात. एक मालकाचा स्वतःचा. तो धंदा करतो, म्हणून वर्षाला २,५०० रुपये त्यानं स्वतःसाठी भरायचे; याला पीटीईसी म्हणतात. दुसरा नोकरदारांसाठीचा. पगारातून कर कापून सरकारजमा करायची जबाबदारी मालकावर असते आणि त्यासाठी त्याला पीटीआरसी घ्यावं लागतं. पहिल्यात मालक स्वतः करदाता असतो, तर दुसऱ्यात तो दुसऱ्यांचा कर गोळा करून भरणारा असतो. कोणता नंबर कशाचा, हे ओळखणं सोपं आहे. पीटीईसीचा नंबर ९९ पासून सुरू होतो आणि पीटीआरसीचा २७ पासून. मुलाच्या तिन्ही चलनांवर ९९ होतं. २७ चा नंबर फक्त भिंतीवर होता, आणि तो वडिलांचा होता.

अण्णांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, तब्येतीमुळे २०२२ मध्ये प्रेस मुलाच्या नावावर केली. १ मार्चपासून कारभार मुलाकडे आला. यंत्रं, गाळा, कामगार आणि पाटी, यातलं काहीच बदललं नाही. बदलला तो मालकाचा पॅन. या नोंदण्या पाटीवर चालत नाहीत, पॅनवर चालतात. अण्णांची जीएसटी नोंदणी रद्द झाली आणि तिच्याबरोबर त्यांचं पीटीआरसीही रीतसर अर्ज देऊन रद्द केलं. मुलानं नवी जीएसटी नोंदणी घेतली, पीटीईसी घेतलं आणि बँकेत नवं खातं उघडलं. पीटीआरसी तेवढं राहून गेलं. "आपला नंबर आहे की भिंतीवर," असं अण्णांनाही वाटलं आणि त्यालाही. तो नंबर त्या दिवशी बंद झाला होता.

पीटीआरसीला वाहनाच्या विम्यासारखी मुदत नसते, त्यामुळे ते आपोआप संपत नाही. खंड पडतो तो मालक बदलला की. बापाकडून मुलाकडे धंदा येतो, एकट्याच्या दुकानाची भागीदारी होते, भागीदारीची प्रायव्हेट लिमिटेड होते. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा आणखी एक समज पसरला की जुने सगळे कर त्यात गेले. व्हॅट गेला, जकातीच्या जागी आलेला एलबीटीही गेला. व्यवसाय कर मात्र गेला नाही. तो राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ खालचा वेगळा कर आहे. तिथेच एका माणसामागे वर्षाला २,५०० रुपयांची कमाल मर्यादा घातलेली आहे आणि ती जीएसटीनंतरही तशीच आहे.

या करामागचा एक संदर्भ आज फारसा कुणाला आठवत नाही. १९७२ च्या दुष्काळात हाताला काम देण्याचा प्रश्न उभा राहिला आणि वि. स. पागे यांच्या कल्पनेतून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना आकाराला आली. तिला पैसा लागणार होता. त्यासाठी १९७५ साली हा व्यवसाय कराचा कायदा झाला. शहरातल्या पगारदारानं महिन्याला थोडे पैसे द्यायचे आणि त्यातून खेड्यातल्या मजुराला खडी फोडायचं का होईना, पण काम मिळायचं. पागे आमच्याच सांगली जिल्ह्यातले. मी हे मुलाला सांगितलं, कारण "हा कर कशाचा?" हा प्रश्न त्यानं रागानं विचारला होता, आणि त्या प्रश्नाला खरं उत्तर आहे.

आता नोटिशीकडे. ५२,५०० हा आकडा आला कुठून? सात माणसं, प्रत्येकी २,५०० रुपये, तीन वर्षं. दुकान आस्थापनेच्या सूचनेत मुलानं सात कामगार लिहिले होते आणि कार्यालयानं तोच आकडा धरला. माणसं कोण, पगार किती, वय किती, हे कार्यालयाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. ते सांगणं मालकाचं काम असतं. सांगितलं नाही तर अधिकाऱ्याला उपलब्ध माहितीवरून स्वतःच्या अंदाजानं आकारणी करता येते आणि मग अंदाजाचा आकडा हाच कायदेशीर आकडा होतो. पुढची वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी होऊ शकते. नोटीस ड्रॉवरमध्ये टाकून ठेवणाऱ्यांची मला फार काळजी वाटते ती यामुळेच. दर वेळी ते थकबाकीपेक्षा जास्त पैसे भरतात.

म्हणून मी त्याला पहिली गोष्ट मागितली ती हजेरीपट आणि पगारपत्रक. दोन दिवसांनी तो लांब आडवं रजिस्टर घेऊन आला. निळ्या शाईतले आडवे-उभे रकाने, पानांच्या कडांना गोंद लागलेला. आम्ही सातही नावं एकेक करून घेतली.

चार पुरुष कामगार: दोन मशिनवर, एक कटिंगवर, एक बाहेरच्या डिलिव्हरीवर. चौघांचाही पगार तिन्ही वर्षं महिन्याला दहा हजारांच्या वर. पुरुष कामगाराला साडेसात हजारांपर्यंत कर नाही. त्याच्या पुढे दहा हजारांपर्यंत महिन्याला १७५ रुपये आणि दहा हजारांच्या वर २०० रुपये. फक्त फेब्रुवारीत २०० ऐवजी ३०० कापायचे, म्हणजे अकरा महिन्यांचे २,२०० आणि ३०० मिळून वर्षाचे बरोबर २,५०० होतात. चौघांचे वर्षाला १०,००० आणि तीन वर्षांचे ३०,०००. इथे नोटीस बरोबर होती.

पाचवा हेल्पर. पहिल्या वर्षी त्याचा पगार ९,००० होता, म्हणजे महिन्याला १७५ आणि वर्षाला २,१००. मार्च २०२३ पासून पगार १०,५०० झाला आणि पुढची दोन वर्षं २,५०० प्रमाणे. एकूण ७,१००. इथे मुलानं मला थांबवलं. "काका, त्याच्या हातात कधी आठ हजारांच्या वर पडलेच नाहीत." खरं होतं, कारण तो दर महिन्याला उचल घ्यायचा आणि ती पगारातून कापली जायची. पण कर ठरतो तो ठरलेल्या पगारावरून, उचल वजा करून हातात पडणाऱ्या रकमेवरून नाही. रजिस्टरमध्ये उचलीचा रकाना वेगळा होता, त्यामुळे हे स्पष्ट दिसत होतं. काही ठिकाणी मालक थेट हातातला आकडाच "पगार" म्हणून लिहितात आणि मग कर कमी दाखवल्याचा दुसरा आक्षेप येतो.

सहावी डीटीपीचं काम करणारी मुलगी. ती जून २०२३ मध्ये लागली, पगार १६,०००. १ एप्रिल २०२३ पासून महिलांना महिन्याला २५,००० पर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही. त्याआधी ही मर्यादा दहा हजार होती. तिचा कर शून्य. नोटिशीत तिच्यापोटी ७,५०० रुपये होते, आणि त्यातलं पहिलं वर्ष तर ती प्रेसमध्ये नव्हतीच.

सातवे बाइंडर. अण्णांच्याही आधीपासून तिथे काम करणारे. जाड सुई मेणावरून ओढून वह्या शिवतात, अजूनही. त्यांच्या आधार कार्डावरच्या जन्मतारखेवरून ते २०२२ मध्येच सदुसष्ट वर्षांचे होते. पासष्ट वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला या करातून सूट आहे. ठरावीक प्रमाणात अपंगत्व असलेल्यांनाही आहे. पण ती सूट कागदानं दाखवावी लागते. वयाचा पुरावा फाईलमध्ये नसेल तर कार्यालयाच्या दृष्टीनं तो एक पगारदार पुरुष कामगार, बस्स. त्यांच्या आधारची प्रत आम्ही त्याच दिवशी काढून घेतली.

बेरीज झाली ३७,१००. नोटिशीतल्या आकड्यापेक्षा १५,४०० रुपये कमी, आणि यात घासाघीस काहीच नव्हती. रजिस्टर उघडून वाचलं, एवढंच.

आता नोंदणी. काम महाराष्ट्राच्या वस्तू व सेवा कर विभागाच्या mahagst.gov.in या संकेतस्थळावर होतं. पॅन, आधार, जागेचं लाइट बिल, बँकेचा रद्द केलेला चेक, एवढंच लागतं. अर्ज भरायला तासभरही लागत नाही. पण त्या अर्जात एक रकाना असा आहे की तिथे हात थरथरावा: कर भरण्याची जबाबदारी कोणत्या तारखेला सुरू झाली. बहुतेक जण तिथे आजची तारीख टाकतात. नवा नंबर आज मिळतोय म्हणून, किंवा मागचं उकरून निघू नये म्हणून. मग नंबर मिळतो खरा, पण तो आजपासूनचा. मागच्या वर्षांची विवरणपत्रं त्या नंबरावर भरता येत नाहीत, थकबाकी कुठे भरायची ते कळत नाही, आणि नोटीस तशीच उघडी राहते. वर, कार्यालयाकडे असलेल्या माहितीशी न जुळणारी तारीख आपण सहीनिशी लिहून दिलेली असते, आणि खोट्या माहितीचा दंड उशिराच्या दंडापेक्षा कितीतरी मोठा असतो. आम्ही १ मार्च २०२२ लिहिलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात नंबर आला.

त्यानंतर पैसे भरणं. चलन एमटीआर-६ नावाचं. त्यात कायदा निवडताना पीटीआरसी आणि पीटीईसी असे दोन पर्याय एकाखाली एक येतात. चुकून दुसरा निवडला गेला तर रक्कम मालकाच्या स्वतःच्या खात्यात जमा होते आणि कामगारांची थकबाकी जशीच्या तशी राहते. ही चूक निस्तरायला पत्रव्यवहारात महिने जातात. चलनावर कालावधीही लिहायचा असतो. तिन्ही वर्षांची रक्कम एकाच चलनात, चालू महिन्याच्या नावानं भरली, तर ती मागच्या वर्षांना लागत नाही. आम्ही तीन वर्षांची तीन चलनं केली आणि प्रत्येकात कर आणि व्याज वेगळ्या रकान्यात भरलं.

व्याज साधं, दरमहा सव्वा टक्का, आणि अपुरा महिना पूर्ण धरला जातो. नोटिशीतच हिशोब वर्षवार होता, म्हणून आम्हीही तो तसाच मांडला. पहिल्या वर्षाचे १२,१०० रुपये ३१ मार्च २०२३ ला भरायला हवे होते. जून २०२५ पर्यंत सत्तावीस महिने झाले, व्याज ४,०८४. दुसऱ्या वर्षाच्या १२,५०० वर पंधरा महिन्यांचं २,३४४ आणि तिसऱ्या वर्षाच्या तेवढ्याच रकमेवर तीन महिन्यांचं ४६९. सगळं मिळून ६,९०० च्या आत. हेच व्याज ५२,५०० वर मोजलं असतं तर त्याच तारखेला ते ९,८०० च्या पुढे गेलं असतं. म्हणून आधी कराचा आकडा दुरुस्त करायचा आणि मग व्याजाकडे वळायचं. व्याज माफ करा असा अर्ज करण्यात लोक दिवस घालवतात आणि खालचा मूळ आकडाच फुगलेला असतो.

पैसे भरल्यावर विवरणपत्रं. ही पायरी गाळणारे मी पुष्कळ पाहिले. चलन म्हणजे पैसे पोचल्याची पावती. कुणाच्या पगारावर किती कर, हे सांगतं ते विवरणपत्र. ते नसेल तर कार्यालयाच्या संगणकावर रक्कम जमा दिसते, पण हिशोब अपुरा दिसतो आणि दोन वर्षांनी पुन्हा नोटीस येते. उशिरा भरलेल्या विवरणपत्रावर विलंब शुल्क असतं, तेही त्या हिशोबात धरून ठेवायला हवं.

नोटिशीवर सुनावणीची तारीख होती. त्या दिवशी आम्ही लेखी म्हणणं दिलं, दीड पानाचं. त्यात अण्णांची नोंदणी केव्हा व का रद्द झाली, मुलाकडे धंदा केव्हा आला, सात जणांपैकी कुणावर किती कर आणि कुणावर का नाही, याचा तक्ता. सोबत रद्द झालेल्या जुन्या नोंदणीची प्रत, नवं प्रमाणपत्र, तीन चलनं, विवरणपत्रांच्या पोचपावत्या, हजेरीपटाच्या प्रती, बाइंडरांचं आधार आणि मुलीचं नेमणूकपत्र. अधिकाऱ्यांनी रजिस्टर मूळ मागितलं आणि हेल्परच्या पानावर बराच वेळ थांबले. उचलीचा रकाना बघून त्यांनी तो तक्त्याशी ताडून पाहिला.

राहिला दंडाचा प्रश्न. नोंदणी तीस दिवसांत करायची असते. ती न केल्याबद्दल मालकाला रोजचे पाच रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. इथे अकराशे साठच्या आसपास दिवस होत होते, म्हणजे ५,८०० रुपयांपर्यंत. शिवाय कर न भरल्याबद्दल कराच्या दहा टक्के दंडाची वेगळी तरतूद आहे, इथे ३,७१०. दंड लावण्यापूर्वी मालकाचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. म्हणून मी आग्रह धरला की सुनावणीला मुलानं स्वतः यावं आणि घडलं तसं सांगावं. नंबर वडिलांचा होता, तो बंद झाल्याचं लक्षात आलं नाही, आणि या काळात स्वतःचे अडीच हजार दरवर्षी भरले. ही चलनं थकबाकीला उत्तर म्हणून उपयोगी नव्हती, पण कर बुडवायचा हेतू नव्हता याचा पुरावा म्हणून ती फार कामाची ठरली. दहा टक्क्यांचा दंड लागला नाही. उशिराच्या नोंदणीचा लागला, पण पूर्ण नाही.

बाहेर आल्यावर त्यानं मला जे विचारलं ते अपेक्षितच होतं. हे सदतीस हजार कामगारांचे होते ना? मग आता त्यांच्या पगारातून हप्त्याहप्त्यानं कापून घेऊ का?

कायद्याचा रोख इथे स्पष्ट आहे. कर पगार देण्यापूर्वी कापायचा असतो, आणि कापला असो वा नसो, तो भरायची जबाबदारी मालकाची असते. माझं मत त्याहून पुढचं आहे. दहा-बारा हजारांत घर चालवणाऱ्या माणसाला तीन वर्षांपूर्वीच्या पगाराचे साडेसात हजार आज कसे मागायचे? त्याला तेव्हा सांगितलं असतं तर त्यानं महिन्याला दोनशे दिले असते आणि त्याला ते जाणवलेही नसते. चूक कागदाची होती आणि कागद मालकाकडे होता. ही रक्कम मालकानंच सोसायला हवी, असं मी त्याला सरळ सांगितलं. पुढच्या महिन्यापासून मात्र पगारपत्रकात व्यवसाय कराचा वेगळा रकाना करायचा, आणि पहिल्यांदा कापण्याआधी पाचही जणांना समोर बसवून दोनशे रुपये कशाचे ते सांगायचं.

एक शक्यता त्यानं सुरुवातीलाच बोलून दाखवली होती: अभय योजना येईल, थांबूया का? २०२३ साली राज्यानं थकबाकीवर सवलतीचा कायदा केला होता आणि व्यवसाय करही त्यात होता, पण तो ३० जून २०१७ पर्यंतच्या कालावधीसाठी. २०२२ नंतरच्या थकबाकीला त्याचा उपयोग नव्हता. पुढची योजना येईल की नाही यावर पैज लावून महिन्याला सव्वा टक्का मोजत बसणं मला पटत नाही. तेही हातात नोटीस असताना.

जुलैच्या पगाराच्या दिवशी मी प्रेसमध्ये गेलो होतो, एका लग्नपत्रिकेच्या कामानं. रजिस्टरच्या उजव्या कडेला पट्टीनं आखलेला नवा रकाना होता, पाच ओळींत २००, बाइंडरांच्या आणि मुलीच्या ओळीत आडवी रेघ. अण्णा स्टुलावर बसून भिंतीवरची चौकट खाली काढत होते. मुलगा म्हणाला, "काका, जुना कागद टाकून देऊ का?" मी म्हटलं, टाकू नको, फाईलला लाव, रद्द झालेल्या नंबरचा पुरावा कधी लागेल सांगता येत नाही. अण्णांनी काच पुसली, जुना कागद अलगद बाहेर काढला आणि नव्याचे कोपरे दुमडून त्याच चौकटीत बसवले.